इनबॉक्समध्ये विस्कटलेलं वार्तापत्र वाचायचं कसं?

महाराष्ट्र मंडळाचं मासिक वार्तापत्र येतं, म्युच्युअल फंडवाल्यांचं येतं, मुलांच्या शाळेचं येतं. एखाद्या दिवशी ते उघडावं तर मथळ्याच्या जागी पांढरी पट्टी, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन, किंवा मराठीऐवजी `à¤®à¤°à¤¾à¤` असली अक्षरांची खिचडी. मग काहींना वाटतं फोन बिघडला, काहींना वाटतं व्हायरस आला, आणि बहुतेक लोक मेल डिलीट करून मोकळे होतात. अशा मेलच्या माथ्यावर बारीक, फिकट अक्षरांत "View in browser" लिहिलेलं असतं, तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

मोडलेलं वार्तापत्र बहुतेक वेळा वाचता येतं. पण मोडण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकावर एकच औषध चालत नाही. एका प्रकारात ब्राउझरची लिंक काम करते, दुसऱ्यात साध्या मजकुराची प्रत, आणि एका प्रकारात दोन्ही हात टेकतात. कोणता प्रकार कोणता, हे नुसत्या नजरेनं ओळखता येतं.

## मेल तयार चित्र म्हणून येत नाही

पीडीएफ उघडली की ती सगळीकडे सारखीच दिसते. मेलचं तसं नाही. वार्तापत्र म्हणजे तयार शिवलेला सदरा नव्हे. पाठवणारा कापड आणि मापं पाठवतो, शिवतो तो तुमच्याकडचा शिंपी, म्हणजे तुमचं मेल ॲप. मापं लिहिलेली असतात एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत. वेबसाइटही याच भाषेत लिहितात: हा मथळा, हे चित्र, इथे दोन रकाने, याचा रंग निळा.

क्रोम, सफारी, फायरफॉक्स हे ब्राउझर ही भाषा जवळजवळ सारखीच वाचतात. मेल ॲपांचं तसं नाही. विंडोजवरच्या जुन्या धाटणीच्या आउटलुकचं उदाहरण घ्या, कारण कित्येक ऑफिसांत अजून तेच चालतं. आउटलुक 2007 पासून मायक्रोसॉफ्टनं त्यात मेल दाखवण्याचं काम ब्राउझरच्या इंजिनाकडून काढून वर्डच्या इंजिनाकडे दिलं. म्हणजे वेबपानासारखं मांडलेलं वार्तापत्र आपण पत्रं टाइप करण्यासाठी बनवलेल्या यंत्रणेतून बघत असतो. त्या यंत्रणेला गोल कोपऱ्यांची बटणं समजत नाहीत, आणि मजकुराच्या मागे पसरलेलं चित्र नेहमीच्या पद्धतीनं लावलं असेल तर तेही दिसत नाही.

आता दिवाळी अंकाच्या घोषणेचं वार्तापत्र डोळ्यांसमोर आणा. वर आकाशकंदिलांचा गडद फोटो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत कार्यक्रमाचं नाव, तारीख, स्थळ. आउटलुक मागचा फोटो टाकून देतो, पण अक्षरं पांढरीच ठेवतो. पांढऱ्यावर पांढरं! वाचणाऱ्याला वाटतं तारीख द्यायलाच विसरले. खात्री करायची असेल तर मेलमध्ये क्लिक करून Ctrl आणि A दाबा. सगळा मजकूर निवडला जातो, मागचा रंग बदलतो आणि लपलेली अक्षरं उघडी पडतात. अक्षरं सापडली, तर बिघाड नुसत्या दिसण्यातला आहे, आणि ब्राउझरची लिंक दाबली की कंदिलासकट सगळं समोर येईल.

फोनवरही हेच दुखणं वेगळ्या वेषात येतं. जीमेलच्या ॲपमध्ये तुम्ही याहूचं किंवा ऑफिसचं खातं जोडलं असेल, तर त्या खात्यावर आलेल्या मेलमधल्या सजावटीच्या बऱ्याच सूचना ॲप वगळतं. मग फोनसाठी एकाखाली एक यायला हवेत ते रकाने शेजारीशेजारी चेपून बसतात आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. तेच वार्तापत्र तुमच्या जीमेल खात्यावर आलं असतं तर त्याच ॲपमध्ये नीट दिसलं असतं.

## "View in browser" दाबल्यावर काय होतं?

वार्तापत्रं पाठवणाऱ्या सेवा प्रत्येक अंकाची एक प्रत वेबपान म्हणून आपल्या सर्व्हरवर ठेवतात. लिंक दाबली की मेल बाजूला राहतो आणि ते पान तुमच्या ब्राउझरमध्ये उघडतं. मेल ॲपची सगळी बंधनं तिथे संपतात, म्हणून रकाने, रंग, बटणं जागेवर येतात.

चित्रांचंही तसंच. वार्तापत्रातली चित्रं सहसा मेलमध्ये नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. जुन्या धाटणीचा आउटलुक ती आपणहून आणत नाही, वर एक पट्टी दाखवून परवानगी मागतो. जीमेल 2013 च्या अखेरीपासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतो, पण स्पॅममध्ये पडलेल्या मेलची नाही. त्यामुळे रिकाम्या चौकोनांवर पहिला उपाय म्हणजे चित्रं दाखवण्याचं बटण. लिंकपर्यंत जायची गरज बऱ्याचदा पडतच नाही.

एक सवय मात्र आपल्याकडच्या मंडळांनी सोडायला हवी. फॉन्टची कटकट नको म्हणून अख्खं पत्रक एकच मोठं चित्र करून मेलमध्ये चिकटवतात. चित्र अडलं की मेल पूर्ण कोरा. अंध वाचकाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरून गप्प निघून जातं, आणि महिन्याभरानं स्थळाचं नाव टाकून शोधलं तर तो मेल सापडत नाही.

## मेल मध्येच तुटला तर

लेख रंगात आलेला असतो आणि खाली जीमेलमध्ये ही ओळ येते:

```
[Message clipped]  View entire message
```

हा बिघाड नाही, मर्यादा आहे. मेलचा एचटीएमएल मजकूर साधारण 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल पुढचा भाग दुमडून ठेवतो. चित्रांचं वजन यात धरत नाहीत, नुसत्या मजकुराचं आणि खुणांचं धरतात. मराठी वार्तापत्रं या मर्यादेला इंग्रजीपेक्षा लवकर धडकतात. इंग्रजी अक्षराला संगणकात एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-वेलांटी ही वेगळी चिन्हं धरली जातात. "मराठी" म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी: पाच चिन्हं, 15 बाइट. दोन हजार शब्दांचा लेख घ्या, शब्दाला सरासरी सहा चिन्हं आणि एक मोकळी जागा धरा, तर 38 हजार बाइट झाले. हे मर्यादेत बसतं. पण काही जुनी साधनं प्रत्येक चिन्हाचा आकडी संकेत करून पाठवतात. "म" चा होतो `म`, म्हणजे सात बाइट. तोच लेख 86 हजार बाइटवर जातो, आणि मर्यादा आहे सुमारे एक लाख चार हजारांची. वर सजावटीच्या खुणा आल्या की मेल तुटलाच.

इथे दोन लिंकांचा घोळ होतो. "View entire message" ही जीमेलची स्वतःची लिंक आहे, ती तुमच्याकडे आलेला तोच मेल नव्या टॅबमध्ये पूर्ण दाखवते. "View in browser" पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर नेते. तुटलेल्या मेलसाठी पहिली पुरेशी आहे.

## पाकिटातलं दुसरं पत्र

बहुतेक वार्तापत्रांत एकाच मेलमध्ये तोच मजकूर दोनदा असतो: एकदा सजवलेला, एकदा निव्वळ अक्षरांत. ही व्यवस्था 1992 साली नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी लिहिलेल्या माइम या मानकातून आली. तोवर मेल म्हणजे साधा इंग्रजी मजकूर एवढंच होतं. माइममुळे जोडपत्रं आली, इतर लिप्या आल्या, आणि एकाच मजकुराची पर्यायी रूपं एकत्र पाठवायची सोयही आली. नियम असा की साधं रूप आधी ठेवायचं, सजवलेलं शेवटी. आणि वाचणाऱ्या ॲपनं आपल्याला झेपेल असं शेवटचं रूप दाखवायचं. म्हणून साधी प्रत आपल्याला कधी दिसत नाही, पण मेलमध्ये ती बसलेली असते.

ती पाहायची कशी? थंडरबर्डमध्ये हे सगळ्यात सरळ आहे. View मेनूत Message Body As आणि त्यात Plain Text निवडा, की पुढचे सगळे मेल साधे दिसतात. परत Original HTML केलं की पूर्ववत. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये File, Options, Trust Center, मग Trust Center Settings, आणि तिथे Email Security मध्ये "Read all standard mail in plain text" अशी खूण आहे.

जीमेलमध्ये असं बटण नाही. संगणकावर मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून Show original निवडलं तर मेलचा कच्चा मजकूर दिसतो, आणि इथे मराठी वाचक दचकतो. "मराठी" हा एकच शब्द दोन्ही रूपांत पाठवला तर आतून असा दिसू शकतो:

```
--b1
Content-Type: text/plain; charset=UTF-8
Content-Transfer-Encoding: base64

4KSu4KSw4KS+4KSg4KWA
--b1
Content-Type: text/html; charset=UTF-8
Content-Transfer-Encoding: quoted-printable

<p>=E0=A4=AE=E0=A4=B0=E0=A4=BE=E0=A4=A0=E0=A5=80</p>
--b1--
```

वरचा तुकडा साधी प्रत, खालचा सजवलेली. मेलची जुनी वाट फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली होती, म्हणून देवनागरी अशा सांकेतिक वेषात प्रवास करते. वेष दोन प्रकारचे दिसतात. पहिल्यात तीन बाइटांची चार अक्षरं होतात, आणि वरच्यासारख्या सलग शब्दात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह `4KS` किंवा `4KW` नं सुरू होतं; मध्ये मोकळी जागा आली की मात्र ही जुळणी सरकते. दुसऱ्यात प्रत्येक चिन्हाची सुरुवात `=E0=A4` किंवा `=E0=A5` अशी. कच्च्या मजकुरात यांची रांग लागलेली दिसली तर निर्धास्त राहा, तुमची मराठी सुखरूप आहे. त्याच पानावर Download Original दाबा, `.eml` फाइल उतरेल, ती थंडरबर्डमध्ये उघडून Plain Text निवडा. एवढी खटपट रोज कुणी करणार नाही, पण बैठकीची सूचना किंवा पावती अडकली असेल तर करावी.

## अक्षरांची खिचडी तीन प्रकारची

इथे लिंक दाबण्याआधी खिचडी कोणती ते बघायला हवं.

`à¤®à¤°à¤¾à¤` असं दिसत असेल, म्हणजे दर तीन अक्षरांत एकदा `à¤` किंवा `à¥`, तर मजकूर शाबूत आहे. तो युनिकोडमध्ये लिहिलाय, पण मेलवर लावलेलं लेबल चुकीचं आहे किंवा गायब आहे, त्यामुळे ॲप ते बाइट युरोपीय अक्षरं समजून दाखवतंय. वेबपानावर लेबल सहसा बरोबर असतं, म्हणून ब्राउझरची लिंक इथे बहुधा कामी येते. थंडरबर्डच्या View मेनूतलं Repair Text Encoding हेही याच दुखण्यासाठी आहे.

`?????` अशी प्रश्नचिन्हांची रांग असेल तर प्रकरण वेगळं. पाठवताना कुठल्यातरी साधनाला देवनागरी झेपली नाही आणि त्यानं प्रत्येक चिन्हाच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. मूळ अक्षर मेलमधून गेलेलं आहे. अशा मेलवर लेबल बदलून, ॲप बदलून काही होत नाही. आधी साधी प्रत बघा, कारण कधीकधी दोन प्रतींपैकी एकाचंच असं झालेलं असतं. नाहीतर वेबपान. तेही तसंच असेल तर पाठवणाऱ्याला कळवणं एवढंच हातात उरतं.

आणि `ejkBh` असं काही दिसलं तर? ही कृतिदेव फॉन्टमधली "मराठी" आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टांत कळ इंग्रजीची आणि चित्र देवनागरीचं असायचं. छापखान्यात अजून अशाच फॉन्टांत टाइप केलेला मजकूर पडलेला असतो, तो कुणीतरी थेट वार्तापत्रात चिकटवतं. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट आहे त्याला सगळं छान दिसतं, बाकीच्यांना इंग्रजी कचरा. इथे ब्राउझरची लिंकही कचराच दाखवते आणि साधी प्रतही. उपाय एकच, तो मजकूर फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा, आणि ते काम पाठवणाऱ्याचं आहे.

## "पण अशी लिंक दाबणं सुरक्षित आहे का?"

प्रश्न रास्त आहे, कारण फसवणाऱ्यांनाही ही लिंक ठाऊक आहे. मुद्दाम मोडका दिसणारा मेल पाठवायचा आणि "नीट दिसत नसेल तर इथे दाबा" म्हणायचं, ही युक्ती सोपी आहे.

अडचण अशी की खऱ्या वार्तापत्रातली लिंकही संशयास्पद दिसते. किती जणांनी दाबली हे मोजण्यासाठी पाठवणारी सेवा मध्ये आपला पत्ता घालते, त्यामुळे मंडळाच्या मेलमधली लिंक मंडळाच्या साइटची नसून कुठल्यातरी अनोळखी नावाची निघते. नुसत्या पत्त्यावरून खरं-खोटं ठरत नाही. पण वार्तापत्राचं वेबपान फक्त वाचायचं असतं. तिथे मेलचा पासवर्ड, ओटीपी, काही "अपडेट" उतरवून घेण्याची मागणी यांचं काहीच काम नाही. यातलं काहीही दिसलं की टॅब बंद. बँकेच्या किंवा आयकराच्या नावानं मेल आला असेल तर लिंकच्या वाटेलाच जाऊ नये, साइटचा पत्ता स्वतः टाइप करावा. साधी प्रत इथेही उपयोगी पडते, कारण तीत बटणामागे दडलेले पत्ते बहुधा उघडे लिहिलेले असतात.

दुसरी गोष्ट लिंक पुढे पाठवण्याची. बऱ्याच सेवांच्या लिंकमध्ये तुमची ओळख गुंफलेली असते. ती लिंक तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर पानावर "नमस्कार" पुढे तुमचं नाव सगळ्यांना दिसू शकतं, आणि खालच्या Unsubscribe वर कुणी बोट लावलं तर नाव कमी होतं तुमचं. "मला अंक यायचा अचानक बंद का झाला" या तक्रारीमागे कधीकधी हे असतं. अख्खा मेल फॉरवर्ड केला तरी हाच धोका आहे. लिंकऐवजी मजकूर कॉपी करून पाठवावा, किंवा पानाची पीडीएफ काढून.

## "मग दरवेळी ब्राउझरमध्येच का वाचू नये?"

वाचा की, पण दोन गोष्टी जाणून. लिंक दाबली की तुम्ही कधी आणि साधारण कुठून वाचलंत हे पाठवणाऱ्याला कळतं. साधी प्रत वाचताना बाहेरून एकही चित्र मागवलं जात नाही, त्यामुळे मेल उघडला गेला का हे मोजण्यासाठी लपवलेलं ठिपक्याएवढं चित्रही कामाला लागत नाही. आणि वेबपान दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतं. मंडळानं सेवा बदलली, पैसे भरायचं थांबवलं, की जुन्या अंकांच्या लिंका मरतात. मेल मात्र तुमच्या पेटीत राहतो, नेट नसतानाही.

साध्या प्रतीचंही कौतुक बेतानंच करावं. ती बऱ्याचदा आपोआप तयार झालेली असते: तक्त्यातला कार्यक्रम एका लांब ओळीत वाहून गेलेला, चार ओळींचे पत्ते मध्येमध्ये. कधी तीत "तुमचं ॲप हा मेल दाखवू शकत नाही" एवढंच वाक्य असतं. आणि साचा कॉपी करून नवा अंक बनवताना काही साधनांत साधी प्रत हातानं बदलावी लागते. ती राहिली तर वर या महिन्याचा अंक आणि आत गेल्या महिन्याची तारीख. तारीख आणि स्थळ फक्त साध्या प्रतीतून घेतलं असेल तर वेबपानाशी एकदा ताडून पाहा.

## कळवायचं तर काय कळवायचं

"तुमचं पत्रक दिसत नाही" एवढ्यावर पाठवणारा काही करू शकत नाही, कारण त्याच्या संगणकावर ते दिसतं. स्क्रीनचं चित्र पाठवा, ॲपचं नाव सांगा, फोन की संगणक ते सांगा, खातं जीमेलचं की दुसरं ते सांगा, आणि ब्राउझरच्या लिंकमध्ये ते ठीक दिसतं का हेही. शेवटचं उत्तर सगळ्यात मोलाचं असतं. लिंकमध्ये ठीक असेल तर त्याला मांडणी सुधारायला हवी, गडद फोटोमागे एक गडद रंगही द्यायला हवा, म्हणजे फोटो उडाला तरी पांढरी अक्षरं वाचता येतील. लिंकमध्येही `ejkBh` असेल, तर मांडणीला हात न लावता मूळ मजकूरच युनिकोडमध्ये पुन्हा भरावा लागेल.